उपसा की गुरुत्व? एका नळपाणी योजनेचा हिशेब आणि पावणेआठ टक्क्यांची सीमा

सातारा-कोल्हापूर पट्ट्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी, थोड्या उंचवट्यावर वसलेलं साधारण 50,000 वस्तीचं शहर. नगरपरिषदेची जुनी पाणीयोजना अपुरी पडते आहे, म्हणून कच्चं पाणी आणण्यासाठी दोन प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आले. शहराचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशी शहरं या पट्ट्यात सापडतात. आकडे अशा योजनांच्या चालीचे आहेत, पण वाचणाऱ्याला हिशेब स्वतः तपासता यावा म्हणून ते गोल करून मांडले आहेत.

पहिला प्रस्ताव उपशाचा. शहराखालून वाहणाऱ्या नदीत जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधायची, पंप बसवायचे आणि तीन किलोमीटरच्या रायझिंग मेनने पाणी वरच्या जलशुद्धीकरण केंद्रात चढवायचं. दुसरा प्रस्ताव गुरुत्वाचा. वरच्या अंगाला 18 किलोमीटरवर एक धरण आहे. त्याची पाणीपातळी शुद्धीकरण केंद्राहून 40 मीटर उंच, म्हणजे 400 मिलिमीटरची डीआय, म्हणजे ओतीव लोखंडाची, पाईप टाकली की पाणी आपोआप खाली येतं. पंप नाही, वीजबिल नाही, पण पाईप लांब आणि महाग. शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या आणि शहरातलं वितरण दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे तो खर्च तुलनेतून वगळला. लोकांना मिळणारं पाणीही सारखंच. म्हणून इथे नफा मोजायचा नाही. दोन्हींच्या खर्चाचं आजचं मूल्य काढायचं आणि कमी खर्चाची योजना निवडायची.

वीजबिलाचा आकडा कुठून आला ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणशी रोज 135 लिटर, त्यात गळतीची भर, म्हणजे दिवसाला सुमारे 80 लाख लिटर. हे पाणी घर्षणासकट 90 मीटर चढवायला, पंप आणि मोटर मिळून 65 टक्के कार्यक्षमता धरली, तर रोज जवळपास 3,000 युनिट लागतात. वर्षाला अकरा लाख युनिट. स्थिर आकार धरून सरासरी सव्वाआठ रुपये युनिट लावलं की वर्षाचं बिल 90 लाख. ऑपरेटर, देखभाल आणि किरकोळ दुरुस्तीचे आणखी 30 लाख.

तर उपसा योजनेला आज 9 कोटी, दरवर्षी 1 कोटी 20 लाख, आणि पंधराव्या वर्षी पंप, मोटर आणि पॅनेल बदलायला दीड कोटी. गुरुत्व योजनेला आज 21 कोटी आणि दरवर्षी गस्त, व्हॉल्व्ह आणि गळती-दुरुस्तीला 20 लाख. मुदत दोन्हींची 30 वर्षं. पाईपलाईनला 30 आणि पंपांना 15 वर्षं हा आपल्याकडच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतलाच हिशेब आहे.

नुसती बेरीज केली तर प्रश्नच उरत नाही. 30 वर्षांत उपशावर 46 कोटी 50 लाख जातात आणि गुरुत्वावर 27 कोटी. एक ज्येष्ठ नगरसेवक सभेत हेच म्हणाले आणि बसले. पण आजचा रुपया आणि विसाव्या वर्षीचा रुपया एका तराजूत टाकता येत नाही. आज वाचलेले बारा कोटी परिषदेला दुसरीकडे लावता आले असते, किंवा तेवढं कर्ज टळलं असतं. म्हणून पुढच्या प्रत्येक वर्षाची रक्कम एका दराने खाली आणायची. या दराला वटाव दर म्हणू. `t` वर्षांनी येणाऱ्या `C` रकमेचं आजचं मूल्य `C/(1+r)^t`, आणि सगळ्या वर्षांची बेरीज म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, बोलण्यातलं एनपीव्ही.

सल्लागाराच्या सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये, वटाव दर 10 टक्के होता. कुठून आला, याचं स्पष्टीकरण अहवालात नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, "आम्ही नेहमी दहाच धरतो." त्या दराने उपशाचा खर्च 20.67 कोटी आणि गुरुत्वाचा 22.89 कोटी येतो. निष्कर्ष: उपसा योजना सुमारे 2.2 कोटींनी स्वस्त, शिफारस उपशाची.

नगरपरिषदेच्या लेखापालांनी तोच तक्ता वेगवेगळ्या दरांनी चालवला. आकडे कोटी रुपयांत:

| वटाव दर | उपसा | गुरुत्व | स्वस्त कोण, कितीने |
|---|---|---|---|
| 4% | 30.58 | 24.46 | गुरुत्व, 6.1 |
| 6% | 26.14 | 23.75 | गुरुत्व, 2.4 |
| 8% | 22.98 | 23.25 | उपसा, 0.3 |
| 10% | 20.67 | 22.89 | उपसा, 2.2 |
| 12% | 18.94 | 22.61 | उपसा, 3.7 |

उपशाचा स्तंभ वरून खाली वाचत गेलं की आकडा 30 वरून 19 वर कोसळतो. गुरुत्वाचा मात्र 24 आणि 22 यांच्यातच फिरतो. गुरुत्वाचा खर्च जवळजवळ सगळा आजच होतो आणि आजच्या खर्चाला वटाव लागत नाही, दर काहीही असो. उपशाचा खर्च तीस वर्षांत विखुरलेला आहे. दर जितका चढा, तितका तो विरळ होत जातो.

किती विरळ होतो, ते एका रकमेवरून कळतं. गुरुत्व निवडली तर दरवर्षी एक कोटी वाचतं. एकविसाव्या ते तिसाव्या वर्षात एकूण दहा कोटी वाचणार. 4 टक्क्यांनी त्या दहा कोटींची आजची किंमत 3 कोटी 70 लाख होते, 10 टक्क्यांनी फक्त 91 लाख. म्हणजे 10 टक्के दर लावला की तिसऱ्या दशकातलं वीजबिल हिशेबातून जवळपास पुसलंच जातं. तेव्हाचे मुख्याधिकारी ते बिल भरणार आहेतच, पण आजच्या तक्त्यात त्यांना फारसा आवाज नाही.

दोन योजनांची एनपीव्ही जिथे समान होते तो दर काढायचा सोपा मार्ग म्हणजे दोन्हींची वजाबाकी. गुरुत्वासाठी आज 12 कोटी जास्त लागतात. बदल्यात 30 वर्षं दरवर्षी एक कोटी आणि पंधराव्या वर्षी दीड कोटी वाचतात. या फरकाच्या ओळीचा अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, हाच सीमेचा दर.

```
D1 = -1200            (लाख)
D2:D31 = 100, फक्त D16 = 250
=IRR(D1:D31)
=NPV(r, D2:D31) + D1
```

उत्तर येतं 7.77 टक्के. पावणेआठच्या खालचा कोणताही दर गुरुत्वाच्या बाजूने, वरचा उपशाच्या. दुसऱ्या सूत्रात `D1` कंसाबाहेर आहे ते मुद्दाम. स्प्रेडशीटचं `NPV` फलन कंसातली पहिली रक्कम एका वर्षानंतरची समजतं. आजचा खर्च आत टाकला की त्यालाही एका वर्षाचा वटाव लागतो. डीपीआरच्या तक्त्यात ही चूक अनेकदा दिसते. ओळखायची खूण सोपी: दर शून्य ठेवला की तक्ता बरोबर दिसतो, आणि दर बदलला की पहिल्या वर्षाचा भांडवली खर्चसुद्धा हलतो.

उपशाचा किंवा गुरुत्वाचा स्वतंत्र आयआरआर मागणारेही सभेत होते. तो निघत नाही, कारण दोन्हीकडे नुसता खर्च आहे, परतावा कुठेच नाही. पाणीपट्टी दोन्ही योजनांत सारखीच. परतावा आहे तो फक्त फरकाच्या ओळीला.

एवढं झाल्यावर वाद अपेक्षित वळणावर गेला: दर किती धरायचा? लेखापालांचं म्हणणं, कर्ज 9 टक्क्यांनी मिळेल, म्हणून 9. कोणी म्हणालं, परिषदेच्या ठेवींवर बँक 7 देते, म्हणून 7. प्रत्येकाच्या दरामागे काही ना काही तर्क होता, आणि योगायोग असा की प्रत्येकाचा दर त्याला हव्या त्या योजनेच्या बाजूने पडत होता. सीमा आधी कळली की असं होतं. म्हणून सीमेचा दर काढण्याआधी दर ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवणं शहाणपणाचं. इथे ते झालं नव्हतं.

हे फक्त नगरपरिषदेतच घडतं असं नाही. ब्रिटनचं अर्थ खातं सार्वजनिक प्रकल्पांना महागाई वगळून 3.5 टक्के दर लावतं, आणि तिसाव्या वर्षानंतर तोही उतरवतं. आशियाई विकास बँक अनेक वर्षं 12 टक्क्यांची कसोटी लावत असे. 2017 मध्ये तिने ती 9 वर आणली आणि सामाजिक क्षेत्रातल्या प्रकल्पांसाठी 6 ठेवली. आपल्या तक्त्यावर हे दर ठेवून पाहा. ब्रिटिश दराने गुरुत्व सात कोटींहून अधिक फरकाने जिंकते. बँकेच्या 9 ने उपसा, आणि त्याच बँकेच्या 6 ने पुन्हा गुरुत्व. पाईप तीच, धरण तेच.

खरा पेच सोडवला तो एका पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविकेच्या प्रश्नाने. त्यांना एनपीव्हीत रस नव्हता. त्यांनी सल्लागाराला विचारलं, "साहेब, तुमच्या तक्त्यात तिसाव्या वर्षीपण लाईटबिल नव्वद लाखच लिवलंय. तीस वर्षं दर वाढणारच नाही व्हय?"

सल्लागार म्हणाले, "मॅडम, आजच्या किमतींनी मांडायची पद्धत आहे. भविष्यातली दरवाढ कोण सांगणार?"

पद्धत चुकीची नाही. सगळा खर्च आजच्या किमतींत मांडणं, म्हणजे महागाई बाजूला ठेवणं, हा मान्य मार्ग आहे. पण मग दरही महागाई बाजूला ठेवलेलाच हवा. बँक 9 किंवा 10 टक्के व्याज मागते तेव्हा त्यात महागाईची भरपाई धरलेली असते. परत मिळणारा रुपया झिजलेला असणार, हे बँकेला माहीत असतं. सल्लागाराच्या तक्त्यात खर्चाच्या बाजूला महागाई नव्हती आणि दराच्या बाजूला ती पुरेपूर होती. झीज एकाच बाजूने मोजली गेली आणि तिचा सगळा फायदा उशिरा खर्च करणाऱ्या योजनेला, म्हणजे उपशाला, मिळाला.

दुरुस्ती दोन वाटांनी करता येते. एक, महागाईसकट 10 टक्के दर ठेवायचा आणि वीजबिल, पगार, देखभाल, पंधराव्या वर्षीचे पंप हे सगळं दरवर्षी महागाईने वाढवायचं. दोन, खर्च आजच्याच किमतींत ठेवायचा आणि दरातून महागाई काढायची. महागाई 4 टक्के धरली, कारण रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट तेच आहे. काढताना 10 वजा 4 बरोबर 6 असं ढोबळ करत नाहीत, भागाकार करतात: 1.10 भागिले 1.04, म्हणजे 1.0577. दर 5.77 टक्के. दोन्ही वाटांचं उत्तर तंतोतंत एकच यायला हवं. नाही आलं, तर तक्त्यात कुठेतरी एक ओळ महागाईशिवाय राहिली आहे असं समजावं. ही तपासणी मी कोणत्याही डीपीआरवर सगळ्यात आधी करतो.

5.77 टक्क्यांनी उपशाचा खर्च 26.58 कोटी आणि गुरुत्वाचा 23.82 कोटी. गुरुत्व सुमारे 2 कोटी 76 लाखांनी स्वस्त. सल्लागाराचा दर कोणी बदलला नाही. दहा टक्केच राहिला, फक्त तो कशाचा आहे हे खर्चाच्या ओळींशी जुळवलं, आणि 2.2 कोटींनी मागे असलेली योजना पावणेतीन कोटींनी पुढे गेली. पाच कोटींचा हा फरक 'दर किती' या प्रश्नात नव्हताच, 'दरात काय काय धरलंय' या प्रश्नात होता.

सीमेचा दरही याच भाषेत सांगायला हवा. 7.77 टक्के ही महागाई वगळून असलेली सीमा आहे. महागाईसकट ती 12.1 टक्क्यांवर जाते. ज्यांनी 9 टक्के कर्जदर लावून उपसा निवडला होता, त्यांचा 9 टक्के हा महागाईसकट दर होता आणि सीमेच्या बराच खाली होता. म्हणजे सभेत आठवडाभर चाललेल्या 7 की 9 की 10 या वादात सगळेच, नकळत, गुरुत्वाच्या बाजूला उभे होते.

सल्लागाराने यावर एक मुद्दा काढला आणि तो नीट ऐकून घेण्यासारखा होता. "विजेचा दर पुढे काय होईल सांगता येत नाही. अनिश्चितता आहे, म्हणून आम्ही दर जरा चढा ठेवतो. सावधगिरी म्हणून." कारखान्यात ही सवय चालते. तिथे भविष्यात नफा येणार असतो, तो अनिश्चित असला की चढ्या दराने त्याची किंमत कमी धरायची, म्हणजे आपण सावध राहतो. पण इथे भविष्यात नफा नाही, खर्च आहे. अनिश्चित खर्चावर चढा दर लावला की तो खर्च लहान दिसू लागतो. जी योजना तीस वर्षं विजेच्या दरावर अवलंबून राहणार, तिलाच या सावधगिरीचं बक्षीस मिळतं. खर्चाच्या ओळींवर जोखीम दरात मिसळू नये. ती आकड्यांत उघड मांडावी आणि मग काय होतं ते पाहावं.

तसं मांडून पाहिलं. वीज महागाईपेक्षा दरवर्षी 2 टक्के जास्त वेगाने महागली तर उपशाच्या आजच्या खर्चात आणखी सुमारे साडेतीन कोटींची भर पडते, आणि गुरुत्वाची आघाडी सव्वासहा कोटींच्या आसपास जाते. उलट दिशेने, वीजबिल आजच्यापेक्षा कायमचं एक पंचमांशाने उतरलं तर आघाडी 22 लाखांवर येते, म्हणजे बरोबरीच. ही दुसरी शक्यता हवेतली नाही. दिवसा सौर वीज मुबलक असते त्या तासांत उद्योगांना आणि मोठ्या ग्राहकांना वीज स्वस्त देण्याकडे दररचना झुकते आहे, आणि पाणीयोजनेला पंप कधी चालवायचे हे बरंचसं ठरवता येतं. पण फक्त दिवसाच्या सात-आठ तासांत दिवसभराचं पाणी चढवायचं तर पंप मोठे हवेत, रायझिंग मेन जाड हवी आणि वर साठवण हवी. तो भांडवली खर्च 9 कोटींत नव्हता. ही बचत घ्यायची तर तिची किंमतही लिहावी, एवढंच अभियंत्यांनी सांगितलं.

रायझिंग मेनच्या जाडीचं निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण वटाव दर तिथे आधीच शिरून बसलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पाईप जाड घेतली की घर्षण कमी, वीज कमी, पण पाईप महाग. बारीक घेतली की उलट. अभियंता किफायतशीर व्यास काढतो तेव्हा वेगवेगळ्या व्यासांसाठी पुढच्या वर्षांचं वीजबिल आजच्या मूल्यात आणतो आणि पाईपच्या किमतीत मिळवतो. तिथेही एक व्याजदर लागतो, आणि तो बहुधा त्याच सवयीने आलेला दहा असतो. म्हणजे उपशाची योजना चढ्या दराने आखली गेली होती, आणि तिची रायझिंग मेन कमी दराने आखली असती त्यापेक्षा बारीक असण्याची शक्यता होती. 5.77 टक्क्यांनी तुलना करायची तर उपशाची आखणीही त्याच दराने नव्याने करून मग तुलना करायला हवी, नाहीतर उपशावर अन्याय होतो. नवी आखणी केली तेव्हा व्यास एक पायरी वाढला, भांडवल थोडं वाढलं, बिल थोडं उतरलं. निव्वळ फरक काही लाखांचा निघाला, निकाल बदलला नाही. रायझिंग मेन फक्त तीन किलोमीटरची आहे आणि चढाव बहुतेक उंचीचा आहे, घर्षणाचा नाही. ती दहा किलोमीटरची असती तर हा मुद्दा इतक्या सहज सुटला नसता.

अनुदानाने चित्र आणखी वेगळं होतं. अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी योजनेत एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांना प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्राकडून मिळण्याची तरतूद होती. दोन्ही योजनांना तो मिळेल असं धरलं, तर परिषदेच्या आणि राज्याच्या खिशातून जादा जाणारी रक्कम 12 कोटी राहत नाही, 6 कोटी होते. मग महागाई वगळून 12 टक्के दर लावला तरी गुरुत्व दोन कोटींहून जास्त पुढे राहते. अनुदान भांडवलाला मिळतं, वीजबिलाला मिळत नाही, म्हणून भांडवलजड योजना परिषदेला स्वस्त पडते. नगरपरिषदेच्या नजरेने हा हिशेब खरा आहे. पण केंद्राचे सहा कोटीही कोणाचे तरी कर आहेत, आणि संपूर्ण सार्वजनिक पैशाच्या नजरेने तुलना पूर्ण 12 कोटींवरच व्हायला हवी. माझं मत असं की दोन्ही तक्ते सभेपुढे ठेवावेत आणि कोणता कोणाच्या नजरेचा आहे ते वर लिहावं. इथे दोन्ही तक्त्यांचा निकाल एकच होता, त्यामुळे वाद झाला नाही.

वाद व्हायला हवा होता तो 21 कोटींच्या आकड्यावर. आणि इथे गुरुत्वाच्या बाजूने बोलणारे जरा गप्प झाले. 5.77 टक्क्यांच्या हिशेबात गुरुत्वाची आघाडी 2 कोटी 76 लाख. गुरुत्वाचा खर्च जवळजवळ सगळा आजचा, त्यामुळे त्यात झालेली वाढ वटाव न लागता पूर्णच्या पूर्ण आघाडीतून वजा होते. म्हणजे 21 कोटींची निविदा 23.76 कोटींवर गेली, फक्त 13 टक्के वाढली, की सगळी आघाडी संपली. अठरा किलोमीटरच्या पाईपलाईनमध्ये 13 टक्के वाढायला फार काही लागत नाही. खडक अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, वनखात्याच्या हद्दीतून जाण्याची परवानगी अडली, एका गावाने शेतातून पाईप नेऊ दिली नाही आणि रस्त्याच्या कडेने वळसा घ्यावा लागला, की झालं. उपशाची तीन किलोमीटरची लाईन बहुतेक परिषदेच्याच हद्दीत आहे, तिथे अशी भीती कमी.

उपशाला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे आणि ती तक्त्यात दिसत नाही. पंप टप्प्याटप्प्याने वाढवता येतात. वस्ती अंदाजाइतकी वाढली नाही तर दुसरा पंपसंच घेतलाच नाही, असं चालतं. पाईप मात्र पहिल्याच दिवशी तीस वर्षांनंतरच्या मागणीएवढी टाकावी लागते. आपल्या तक्त्यात मागणी तीसही वर्षं सारखी धरली आहे, म्हणून हा फायदा शून्य दिसतो. या शहराची वाढ मंद आहे, त्यामुळे मी त्याला फार वजन दिलं नाही. झपाट्याने वाढणाऱ्या किंवा वाढेल-न वाढेल अशा शहरात तो निर्णायक ठरू शकतो.

शेवटी सभेने ठराव गुरुत्वाचा केला, पण तीन अटी घालून. वटाव दर महागाईसकट 10 टक्के, महागाई 4 टक्के, हे इतिवृत्तात लिहायचं, म्हणजे पुढे कोणी तक्ता उघडला तर कोणत्या दराने काय ठरलं ते कळेल. निविदेआधी संपूर्ण 18 किलोमीटरचं सर्वेक्षण आणि खड्डे खणून जमिनीची तपासणी करायची, आणि वनखात्याची व जमीनमालकांची संमती हाती आल्याशिवाय कार्यादेश द्यायचा नाही. आणि सर्वात कमी देकार 23 कोटी 75 लाखांच्या वर गेला, तर मुख्याधिकाऱ्यांनी स्वतःच्या अधिकारात तो न स्वीकारता दोन्ही प्रस्ताव, उपशाच्या सुधारित आखणीसह, पुन्हा सभेपुढे ठेवायचे.